झाडाचा मध्य शोधायचा तर पानं का तोडायची?

सात गावं आहेत. अ, फ आणि ग ही तिन्ही फक्त ब ला जोडलेली. पुढे रस्ता ब-क-ड-इ असा सरळ जातो. कुठूनही कुठे जायला एकच वाट. अशा जाळ्याला गणितात ‘झाड’ म्हणतात आणि एकच रस्ता असलेल्या गावाला ‘पान’. आता रुग्णवाहिका कुठे ठेवावी, म्हणजे सगळ्यात लांबचं गावही कमीत कमी रस्ते दूर राहील?

वर्दळ पाहून ब निवडावंसं वाटतं. पण तिथून इ तीन रस्ते लांब आहे.

त्याऐवजी सगळी पानं एकदम काढा: अ, फ, ग, इ. उरले ब, क, ड. आता ब आणि ड पानं झाली, तीही काढा. उरला क. हेच केंद्र. दोन फेऱ्या लागल्या, म्हणून त्रिज्या दोन.

हे जमतं कारण कोणत्याही गावापासून सर्वांत लांबचं गाव पानच असतं. पान नसतं तर आणखी पुढे जाता आलं असतं. त्यामुळे एका फेरीत उरलेल्या प्रत्येक गावाचं सर्वाधिक अंतर बरोबर एकने घटतं आणि केंद्र जागचं हलत नाही. मात्र फेरीच्या मध्येच नवी झालेली पानं तोडली, तर हिशोब चुकतो.

इ च्या पुढे ह जोडलं तर? दोन फेऱ्यांनंतर क आणि ड उरतात. दोन्ही पानंच, म्हणून दोन्ही केंद्रं आणि त्रिज्या तीन. तीन गावं मात्र कधीच अडकत नाहीत: तीन किंवा जास्त गावांच्या झाडात पान नसलेलं एक तरी गाव असतंच, म्हणून आणखी एक फेरी होते. फ्रेंच गणितज्ञ कामीय जॉर्डाँ यांनी हे 1869 मध्येच दाखवलं होतं.

रस्ते गोल फिरून जोडले गेले, तर वर्तुळातल्या गावांना पानं होताच येत नाही. तिथे ही युक्ती अडते.