नवरोजचा क्षण आणि नवरोजची तारीख

भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेत २१ मार्चच्या चौकटीत 'जमशेदी नवरोज' असे छापलेले असते. ऑगस्टच्या मध्यावर पुन्हा पारशी नववर्षाची सुट्टी दिसते. इराणात मात्र हाच सण कधी २० मार्चला, तर कधी २१ मार्चला येतो. एकाच सणाच्या इतक्या तारखा का, हा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. त्याचे उत्तर शोधताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात : नवरोजचा क्षण आणि नवरोजची तारीख. क्षण सूर्य ठरवितो. तारीख माणसे ठरवितात.

प्रथम क्षण पाहू. आकाशातील विषुववृत्त सूर्य वर्षातून दोनदा ओलांडतो. मार्चमध्ये तो दक्षिणेकडून उत्तरेकडे जातो, तेव्हाच्या ओलांडण्याला आपण वसंतसंपात म्हणतो. इराणी परंपरेत नवे वर्ष याच क्षणी सुरू होते. रात्रीचे बारा वाजण्याशी किंवा सूर्योदयाशी त्याचा संबंध नाही. घरातील माणसे मांडलेल्या मेजाभोवती बसून तास, मिनिटे मोजत या क्षणाची वाट पाहतात. त्याला 'तहवील' म्हणतात. तहवील पहाटे होऊ शकते, भर दुपारी होऊ शकते आणि मध्यरात्रीही.

हा क्षण डोळ्यांनी टिपता येत नाही, हे सांगितले पाहिजे. धर्माबादच्या मोकळ्या मैदानात एक मीटर उंचीची काठी उभी केली, तर संपाताच्या दिवशी मध्यान्ही तिची सावली सुमारे ३४ सेंटिमीटर पडेल. आपल्या गावी त्या दिवशी खरे मध्यान्ह घड्याळात सुमारे १२ वाजून २६ मिनिटांनी होते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सावली सुमारे आठ मिलिमीटरने आखूड झालेली आढळेल. म्हणजे तासाला फरक एक तृतीयांश मिलिमीटर ! काठीच्या सावलीची कड त्याहून अधिक पुसट असते. म्हणून काठीने दिवस सापडतो, मिनिट सापडत नाही. मिनिट गणितानेच काढावे लागते.

आता हा क्षण दरवर्षी का सरकतो ? एका संपातापासून पुढच्या संपातापर्यंत ३६५ दिवस आणि सुमारे ५ तास ४९ मिनिटे लागतात. दिनदर्शिका पूर्ण दिवसच मोजते. त्यामुळे प्रत्येक वर्षी हा क्षण मागील वर्षापेक्षा सुमारे पावणेसहा तासांनी पुढे जातो. चंद्राच्या व इतर ग्रहांच्या ओढीमुळे त्यात काही मिनिटांचे कमीअधिक होते. इंग्रजी लीप वर्षात फेब्रुवारीला एक दिवस जास्त मिळतो आणि क्षण सुमारे अठरा तासांनी मागे ओढला जातो. मग पुन्हा तीच चाल सुरू.

दोन वर्षांचा प्रत्यक्ष हिशेब पाहू. इराणचे घड्याळ आपल्यापेक्षा दोन तास मागे आहे. २०२४ साली तहवील २० मार्चला तेहरानच्या वेळेने सकाळी ६ वाजून ३६ मिनिटांनी झाली. धर्माबादेत तेव्हा ८.३६ वाजले होते. इराणी वर्षाचा पहिला महिना फर्वर्दीन, आणि त्याचा पहिला दिवस त्या वर्षी २० मार्चच ठरला. २०२५ साली तहवील पुन्हा २० मार्चलाच झाली, पण तेहरानच्या दुपारी १२.३१ वाजता. या वेळी मात्र १ फर्वर्दीन २१ मार्चला धरला गेला. मेजाभोवती बसलेल्यांनी नव्या वर्षाचे स्वागत केले, तेव्हा कागदोपत्री जुन्या वर्षाचा शेवटचा दिवस चालू होता !

हे कसे झाले ? इराणचा नियम असा : तहवील मध्यान्हापूर्वी झाली तर तोच दिवस वर्षाचा पहिला, मध्यान्हानंतर झाली तर दुसरा दिवस पहिला. अंकगणितात आपण अर्ध्याहून कमी अपूर्णांक सोडून देतो आणि अर्ध्याहून अधिक असेल तर पुढचा पूर्णांक धरतो, त्यातलाच हा प्रकार आहे. यामुळे वर्षाच्या पहिल्या दिवसाची मध्यरात्र आणि खरा संपात यांत बारा तासांपेक्षा अधिक अंतर कधीच पडत नाही. सेल्जूक सुलतान मलिकशाह याच्या काळी, १०७९ साली, जी सुधारलेली कालगणना सुरू झाली तिचा वारसा येथे दिसतो. ती घडविणाऱ्या ज्योतिर्विदांत उमर खय्याम हा कवी म्हणून आपल्याला ठाऊक असलेला गणिती होता. आजच्या रूपात ही गणना इराणने १९२५ साली कायद्याने स्वीकारली.

या नियमामुळे तेथे 'दर चार वर्षांनी लीप' असे आधी ठरवून ठेवावे लागत नाही. दोन नवरोजांत ३६६ दिवस पडले की ते वर्ष आपोआप लीप होते. बहुधा हे चार वर्षांनी घडते. पण चार वर्षांत सहा-सहा तासांचे पूर्ण चोवीस तास होत नाहीत, पाऊण तासाच्या आसपास कमी पडते. ही तूट साचत जाते. २०१७ साली तहवील तेहरानच्या दुपारी १.५८ ला होती, २०२१ साली १.०७ ला, २०२५ साली १२.३१ ला. २०२९ साली ती ११.३२ ला, म्हणजे मध्यान्हाच्या अलीकडे येईल. त्यामुळे २०२८ आणि २०२९ या दोन्ही वर्षी नवरोज २० मार्चला पडेल, आणि १४०३ नंतरचे इराणी लीप वर्ष चारऐवजी पाच वर्षांनी, १४०८ मध्ये येईल.

असा मेळ घातला नाही तर काय होते, हे आपल्या मुंबईच्या पारशी समाजाकडे पाहून कळते. त्यांच्या शहेनशाही गणनेत वर्ष नेमके ३६५ दिवसांचे. उरलेला पाव दिवस सोडून दिला जातो. म्हणून त्यांचे नववर्ष चार वर्षांत एक दिवस अलीकडे सरकते : २०२० साली १६ ऑगस्ट, २०२४ साली १५ ऑगस्ट. शतकानुशतके असे सरकत सरकत वसंतातले नववर्ष पावसाळ्यात येऊन पोहोचले. १९०६ साली मुंबईत खरशेदजी कामा यांच्या पुढाकाराने नववर्ष पुन्हा वसंताशी बांधणाऱ्या फसली गणनेची चळवळ उभी राहिली. तिच्यात नवरोज २१ मार्चला पक्का धरतात. संपाताचा क्षण आदल्या दिवशी असला तरी तारीख हलत नाही.

'फसली' हा शब्द मराठवाड्याला परका नाही. निजामी अमलातील आपल्याकडच्या जुन्या महसुली कागदांवर फसली सन असे, आणि महिन्यांची नावे फर्वर्दी, अर्दिबेहेश्त, खुर्दाद अशी इराणीच. ही गणना पारशांच्या फसलीहून निराळी. तिचे वर्ष आजूर महिन्यापासून, ऑक्टोबरात सुरू होई. नावे इराणातून आली, वसंतसंपात मात्र मागे राहिला. उलट १९५७ साली स्वीकारलेल्या भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेत नावे आपली आहेत आणि १ चैत्र २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला, म्हणजे संपाताला लागूनच ठेवला आहे.

शेवटी स्थळाचा मुद्दा. तहवील साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी होते, पण घड्याळे निरनिराळी. २०२७ साली तो क्षण येईल तेव्हा तेहरानात २० मार्चच्या रात्रीचे ११.५५ वाजलेले असतील, आणि धर्माबादेत २१ मार्च उजाडण्यापूर्वीचे १.५५. तेव्हा नवरोज कोणत्या तारखेला, असे कोणी विचारल्यास आधी दोन गोष्टी विचाराव्यात : कोणत्या गावी, आणि कोणाच्या नियमाने ?