फुगत नव्हती ती भाकरी

ज्वारीची भाकरी मी चाळिशी उलटल्यावर शिकलो. पहिले तीन आठवडे रोज चार भाकऱ्या केल्या आणि विसाव्या दिवशीची भाकरी पहिल्या दिवसासारखीच, चामड्यासारखी चिवट आणि न फुगलेली. सरावाने जमेल, असे सगळे सांगत होते. पण सराव नेमका कशाचा, ते कुणी सांगत नव्हते.

भाकरी म्हणजे एकामागोमाग येणारी सहा कामे. पिठात आधणाचे पाणी घालून उकड घेणे, मळणे, थापणे, उचलून तव्यावर टाकणे, वरून पाणी फिरवणे आणि शेवटी भाजणे. भाकरी फुगली नाही की मी गॅस मोठा करायचो, तवा बदलायचो. दोष दिसतो तव्यावर, म्हणून तो तिथलाच असणार असे वाटते. प्रत्यक्षात तो दोन-तीन पायऱ्या आधीच घडून गेलेला असतो.

तो शोधायची युक्ती शेजारच्या काकूंनी दिली. एके दिवशी त्यांनी स्वतः मळलेला गोळा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "तू फक्त थाप, पुढचं मी बघते." भाकरी फुगली नाही. मग मी मळलेला गोळा त्यांनी थापला, त्यांनीच भाजला, आणि ती टम्म फुगली. शेवटी त्यांनी थापलेली भाकरी मी तव्यावर टाकली, पाणी फिरवले, भाजली. तीही फुगली, फक्त एका बाजूला थोडी तडकली. अर्ध्या तासात उत्तर मिळाले: माझे मळणे बरे, भाजणे चालण्यासारखे, थापणे कच्चे.

माझी एक भाकरी मोडून पाहिली तर मधे जाड आणि कडेला पातळ. भाकरी फुगते ती आतल्या पाण्याच्या वाफेने. वाफ वरचा पापुद्रा सोडवून उचलते. मधला भाग जाड राहिला तर तिथे पदर सुटत नाही, आणि कडेला भेग असेल तर वाफ तिथून निघून जाते. मग खाली आच कितीही असो.

पुढचे चार दिवस मी भाकरी केलीच नाही, नुसती थापली. एकच गोळा परातीत कोरड्या पिठावर थापायचा, बघायचा, मोडून पुन्हा गोळा करायचा. कोरडे पीठ मिसळून तो घट्ट होत जातो, म्हणून दर दोन-तीन खेपांनी हात ओला करून परत मळावा लागतो. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो, त्यावर मळले की गोळा धरतो, आणि मळणे कमी पडले की कडा लगेच फाटतात. पूर्ण भाकऱ्या करताना अर्ध्या तासात माझा हात चार वेळा थापायचा, कारण उरलेला वेळ तव्यापाशी जायचा. आता तेवढ्याच वेळात पंधरा खेपा होऊ लागल्या. दुसऱ्या दिवशी कळले की माझी बोटे गोळ्याच्या कडेवरच पडत होती आणि मधला भाग तसाच राहत होता. मग तळहाताने मधून बाहेर दाबत, दुसऱ्या हाताने कड सावरत भाकरी फिरवायला लागलो. सराव नेमक्या उणिवेवर रोखलेला हवा, असे अँडर्स एरिक्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने कुशल वादकांचा अभ्यास करून मांडले होते. मला ते परातीपाशी पटले.

उचलून टाकण्याचा सरावही मी थंड तव्यावर केला. पाणी फिरवण्याचा मात्र असा सुटा सराव होत नाही. थापताना पिठाला टेकलेली बाजू तव्यावर वर येते, तिच्यावर लगेच पाणी फिरवायचे आणि ते पुरते वाळण्याआधी भाकरी उलटायची. उशीर झाला की ती तडकते. ही वेळ तापल्या तव्यावरच कळते, म्हणून सुटे केलेले काम लवकरच जोडावेही लागते. पाचव्या दिवशी पूर्ण भाकरी केली. ती फुगली. पण एका बाजूला तडकली, म्हणजे आता सगळ्यांत कच्चे काम पाण्याचे होते आणि पुढचा आठवडा त्याचा.

एका गोष्टीने मला मधेच फसवले. दोन दिवस सगळे बिघडले, गोळा हातातच फुटू लागला. मी पुन्हा थापण्याकडे वळलो. काकूंनी पिठाची चिमूट बोटांत चोळली आणि म्हणाल्या, "विरी गेलीय याची." जुने पीठ होते. ताजे दळून आणल्यावर हात पहिल्यासारखा चालला. म्हणून दोष हातात शोधण्याआधी आता मी पीठ कधीचे दळलेले आहे ते बघतो.

थंडी पडल्यावर बाजरी आणली. गोळा वेगळा वागतो आणि पीठ ज्वारीपेक्षा लवकर कडवट होते. पहिल्या दिवशी मळलेला गोळा घेऊन काकूंकडेच गेलो, त्यांनी तो थापला, आणि तव्यावर टाकण्याआधीच तो कडेने फाटला. या वेळी कच्चे होते मळणे.