लंडनमध्ये घर पाहताना गाडीचं आधी विचारा

लंडनच्या जुन्या वस्त्यांमधली बहुतेक घरं गाड्या येण्याआधी बांधलेली आहेत. भिंतीला भिंत लागलेली, दारापुढे दोन पावलांचं अंगण असलेली. गाडी आत घ्यायला जागाच नाही, म्हणून रस्त्याची कड हीच गाडीची जागा. त्या कडेवर रोज तिघांचा दावा असतो. तिथे राहणारे, जवळच्या ट्यूब स्टेशनपाशी गाडी सोडून कामाला जाणारे आणि दुकानात किंवा कुणाच्या घरी आलेले. या तिघांत रहिवाशाला पुढे ठेवायची जी व्यवस्था तिथे आहे, ती म्हणजे रहिवासी पार्किंग परमिट. हॅरो, वेम्बली, हाउन्स्लो अशा भागांत भाड्यानं राहायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांची या परमिटशी गाठ पहिल्याच महिन्यात पडते, आणि बहुतेकांना त्याचे नियम उशिरा कळतात.

लंडनमध्ये 32 बरो आहेत आणि शिवाय जुनं ‘सिटी’. प्रत्येक बरोचं कौन्सिल आपले पार्किंगचे नियम आणि दर स्वतः ठरवतं, त्यामुळे मित्राला एका बरोत लागू पडलेला नियम तुम्हाला रस्त्यापलीकडच्या बरोत लागू पडेलच असं नाही. साचा मात्र सगळीकडे सारखा आहे. वस्तीचा एक तुकडा ‘नियंत्रित पार्किंग झोन’ म्हणून ठरतो आणि त्याला एखादं अक्षर किंवा अक्षर-आकड्याचं नाव मिळतं. झोनच्या तोंडाशी मोठा फलक असतो, त्यावर वार आणि वेळ लिहिलेली असते. आत रस्त्याच्या कडेला पांढऱ्या रेघांनी आखलेल्या जागा असतात. काही फक्त परमिटवाल्यांच्या, काही पैसे भरून लावायच्या, काही दोघांच्या सामाईक. उरलेल्या कडेवर पिवळ्या रेघा.

या फलकावरची वेळ नीट वाचली की झोन कशासाठी केला ते कळतं. काही झोन सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा चालू असतात. तिथे दुकानांची आणि कार्यालयांची गर्दी असते. पण कित्येक झोन दिवसातून फक्त एक-दोन तास चालू असतात, समजा दहा ते अकरा. एवढ्या एका तासानं काय साधतं, असं वाटेल. सकाळी आठला स्टेशनजवळ गाडी लावून संध्याकाळी सहाला परतणारा माणूस त्या एका तासात सापडतो आणि तिथे गाडी लावायचं सोडून देतो. घरी आलेला पाहुणा, प्लंबर, शिकवणीला आलेली मुलं यांना मात्र दिवसाचे बाकीचे तास मोकळे राहतात. मला ही योजना फार शहाणपणाची वाटते, कारण ज्याचा त्रास आहे त्यालाच ती अडवते.

परमिट म्हणजे जागा नव्हे. झोनच्या वेळेत, त्या झोनमधल्या परमिटच्या कुठल्याही रिकाम्या जागेत गाडी लावायची ती परवानगी आहे. दारासमोरची जागा तुमची होत नाही. पुण्या-मुंबईत गेटबाहेर खुर्ची, बादली किंवा दगड ठेवून जागा अडवायची जी सवय आपल्याला आहे, तिला तिथे कायद्यात थारा नाही.

आता पात्रता. दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: तुम्ही त्या झोनमधल्या पत्त्यावर राहता, आणि गाडी तुमची असून त्याच पत्त्याची आहे. समजा, पुण्याहून आलेलं एक जोडपं लेस्टरमध्ये दोन वर्षं राहून लंडनला आलं. एक सप्टेंबरला भाडेकरार सुरू झाला आणि त्याच दिवशी परमिटचा अर्ज केला. राहण्याचा पुरावा म्हणून करार चालतो, किंवा कौन्सिल टॅक्सचं बिल. त्यांनी करार जोडला. अर्ज अडकला तो गाडीच्या बाजूनं. गाडीच्या नोंदणीचा कागद, ज्याला सगळे लॉगबुक म्हणतात, त्यावर अजून लेस्टरचा पत्ता होता. तो वाहन नोंदणी खात्याकडे आधी बदलावा लागतो, आणि नवं लॉगबुक हातात येईपर्यंतचा काळ मधल्या मध्ये जातो. त्यासाठी बहुतेक कौन्सिलं थोड्या मुदतीचं तात्पुरतं परमिट देतात, पण ते मागावं लागतं. कंपनीची गाडी असेल तर कंपनीचं पत्र लागतं. क्रम लक्षात ठेवा: करार झाला की त्याच दिवशी लॉगबुकचा पत्ता बदलायला घ्यायचा, कौन्सिल टॅक्सला नाव लावायचं, आणि मग परमिट.

शुल्क गाडीगणिक वेगळं असतं. बऱ्याच बरोंमध्ये नोंदणीत लिहिलेल्या कार्बन उत्सर्जनावरून गट पडतात, डिझेलला वर भुर्दंड असतो आणि त्याच घरातली दुसरी गाडी पहिलीपेक्षा महाग पडते. गाडी घेण्याआधी तिचा नोंदणी क्रमांक कौन्सिलच्या संकेतस्थळावर टाकून दर पाहता येतो.

मात्र सगळ्यात मोठा फटका बसतो तो कागदपत्रं सगळी बरोबर असूनही. लंडनमध्ये नव्या इमारतींना परवानगी देताना कौन्सिल बिल्डरशी करार करतं की इथे राहणाऱ्यांना रस्त्यावरच्या पार्किंगचं परमिट मिळणार नाही. 1990 च्या नगर नियोजन कायद्याच्या कलम 106 खाली असे करार होतात. या इमारतींना ‘कार-फ्री’ म्हणतात. 2021 च्या लंडन प्लॅनमध्ये तर असं धोरणच आहे की जिथे बस आणि रेल्वेची सोय चांगली, तिथे विकासाचा आरंभच कार-फ्री गृहीत धरून करायचा. धोरणाची दिशा मला पटते. स्टेशनच्या डोक्यावर दोनशे फ्लॅट उभे राहिले आणि त्या सगळ्यांच्या गाड्या जुन्या गल्लीत आल्या, तर तिथले परमिटवाले रोज रात्री चकरा मारत बसतील. पण याची किंमत जो भाडेकरू मोजतो, त्याला बहुधा कुणी सांगितलेलंच नसतं. घर विकत घेताना वकील कागद तपासतो, त्यात हे निघू शकतं. भाड्यानं घेताना असा शोध कुणी घेत नाही. एजंट म्हणतो, ‘रस्त्यावर परमिट पार्किंग आहे’, आणि ते खरंही असतं. फक्त ते तुमच्यासाठी नसतं.

हे ओळखायचं कसं? एखादं जुनं घर फोडून त्याचे फ्लॅट केलेले असतील, किंवा दुकानावरचा मजला नव्यानं राहता केला असेल, तरी अशी अट असू शकते. त्यामुळे इमारत नवी दिसत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. पूर्ण पत्ता, फ्लॅट क्रमांकासकट, कौन्सिलच्या पार्किंग विभागाला कळवून लेखी विचारायचं: या पत्त्याला रहिवासी परमिट मिळतं का, आणि पाहुण्यांचं मिळतं का? कारण काही ठिकाणी पाहुण्यांच्या पासवरही हीच बंदी लागू होते. नियोजन विभागाच्या खुल्या नोंदींत त्या पत्त्याचा परवानगीचा आदेशही पाहता येतो.

नूतनीकरण सोपं वाटतं आणि तिथेच दंड होतो. पूर्वी परमिट कागदाचं असायचं, काचेला लावलेलं, मुदत रोज डोळ्यांपुढे. आता बहुतेक बरोंत ते गाडीच्या नंबरवर संगणकात असतं. पार्किंग तपासणारा कर्मचारी नंबर यंत्रावर पाहतो आणि मुदत काल संपली असेल तर आज दंडाची नोटीस लावतो. आठवणीचा ईमेल येतो, पण आला नाही ही सबब बहुधा चालत नाही. शिवाय नूतनीकरणाला पुरावे पुन्हा मागितले जाऊ शकतात. तेव्हा सुरुवातीचा जुना भाडेकरार बहुधा पुरत नाही, कौन्सिल टॅक्सचं बिल लागतं. म्हणून मुदतीआधी तीन-चार आठवडे हात घालावा. मध्येच गाडी बदलली, किंवा गॅरेजनं दुरुस्तीच्या काळात दुसरी गाडी दिली, तर त्याच दिवशी नवा नंबर परमिटवर चढवून घ्यावा. सुट्टीत महिनाभर भारतात येणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. शेजारी कुणाचं घर हलवायचं असेल किंवा रस्त्याचं काम असेल तर कौन्सिल जागा तात्पुरती बंद करतं आणि पिवळा फलक लावतं. तेव्हा परमिट असूनही गाडी उचलली जाते. गाडीवर नजर ठेवायला आणि गरज पडली तर हलवायला किल्ली कुणाकडे तरी देऊन यावी.

पाहुण्यांच्या पासचा हिशेब फलकावरच्या वेळेवरून मांडायचा. समजा झोन सोमवार ते शनिवार, साडेआठ ते साडेसहा. बर्मिंगहॅमची मावशी शुक्रवारी दुपारी चारला गाडीनं आली आणि रविवारी दुपारी गेली. शुक्रवारी तिला अडीच तासांपुरते पास लागतील, शनिवारी पूर्ण दिवसाचा, रविवारी काहीच नाही. झोन फक्त सोमवार ते शुक्रवार दहा ते अकरा असता, तर तिला एकही पास लागला नसता. कित्येक जण हे न पाहता तीन दिवसांचे पास खर्च करतात, आणि घरटी वर्षाचा कोटा ठरलेला असतो. कागदी पास असेल तर त्यावरची तारीख आणि वेळ नाण्यानं खरवडायची असते, एखादी जास्त खरवडली की तो वाया. डिजिटल पासात घोळ होतो तो नंबर टाइप करताना. इंग्रजी ओ आणि शून्य यांची अदलाबदल झाली की पास दुसऱ्याच गाडीचा ठरतो. आणि पास त्या झोनमधल्या परमिटच्या जागेतच चालतो. पिवळ्या रेघेवर किंवा फक्त पैसे भरायच्या जागेत नाही. उरलेले पास विकणं हा गैरप्रकार धरला जातो.

दंडाची नोटीस आलीच तर चौदा दिवसांत भरल्यास रक्कम निम्मी होते. ती चुकीची वाटत असेल तर त्याच चौदा दिवसांत पुराव्यासह हरकत घ्यावी. ती फेटाळली तरी कौन्सिलं सहसा निम्म्या रकमेची सवलत पुन्हा देतात. शेवटी स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

या साऱ्यात पैसा किती घ्यायचा यालाही मर्यादा आहे. उत्तर लंडनच्या बार्नेट कौन्सिलनं 2011 मध्ये रहिवासी परमिट 40 पौंडांवरून 100 पौंडांवर आणि पाहुण्यांचा पास एका पौंडावरून चार पौंडांवर नेला. एका रहिवाशानं न्यायालय गाठलं. जुलै 2013 मध्ये उच्च न्यायालयानं निकाल दिला की ही वाढ बेकायदा आहे, कारण 1984 चा रस्ता वाहतूक नियमन कायदा पार्किंगचं नियोजन करण्यासाठी आहे, इतर खर्चासाठी महसूल उभारायला नाही. पार्किंगमधून काही शिल्लक राहिलीच तर ती कशावर खर्च करायची हेही त्याच कायद्यात ठरलेलं आहे. आपल्या महापालिका जेव्हा रहिवाशांकडून रस्त्यावरच्या जागेचे पैसे मागतील, तेव्हा दराआधी नागरिकांनी हीच अट नियमात लिहून मागावी.