प्रश्नाला अर्थ एकच हवा

दहावीच्या गणितात संभाव्यतेचं प्रकरण आहे. त्या धर्तीवर चाचणीसाठी असा प्रश्न सहज काढला जातो: ‘0, 1, 2, 3, 4 या अंकांपासून दोन अंकी संख्या तयार केली, तर ती सम असण्याची संभाव्यता काढा.’ वाचताना काही खटकत नाही, पण या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.

एका संख्येत तोच अंक पुन्हा वापरायचा नाही असं धरलं, तर 10, 12, 13, 14 पासून 43 पर्यंत एकूण 16 संख्या होतात आणि त्यांपैकी 10 सम असतात. उत्तर येतं 5/8. अंक पुन्हा वापरता येतो असं धरलं, तर 11, 22, 33, 44 यांची भर पडून 20 संख्या होतात आणि त्यांत 12 सम. उत्तर येतं 3/5. प्रश्न काढणाऱ्याच्या मनात यांपैकी एकच अर्थ असतो. तो इतका पक्का असतो की दुसरा अर्थ त्याला दिसतच नाही, म्हणून ही चूक त्याच्या स्वतःच्या तपासणीतून सुटते.

मात्र खरा घोटाळा पुढे आहे. समजा, शिक्षकांना पुनरावृत्ती नको होती. एका मुलीने तसंच वाचलं, पण 01, 02, 03, 04 यांनाही दोन अंकी संख्या मानलं. तिच्याही एकूण संख्या 20 होतील, सम 12 होतील आणि उत्तर 3/5 येईल. म्हणजे ज्याने प्रश्न वेगळा वाचून गणित अचूक केलं त्याचं आणि जिला दशकस्थानच्या शून्याचा नियम कळलेला नाही तिचं उत्तर तंतोतंत सारखं. संख्यांची यादी लिहिलेली नसेल, तर तपासणाऱ्याला दोघांमधला फरक कळायला मार्ग नाही. या प्रश्नात जे मोजायचं होतं, तेच मोजलं जात नाही. संदिग्ध प्रश्नाने मुलं गोंधळतात हे खरंच, पण शिक्षकाला मिळणारं उत्तरही वाचता येत नाही, हे मला त्याहून गंभीर वाटतं.

आता दुरुस्ती. पहिला विचार येतो, शून्यच काढून टाकू आणि 1 ते 5 अंक देऊ. तसं केलं तर पुनरावृत्तीशिवाय 20 पैकी 8 आणि पुनरावृत्तीसह 25 पैकी 10, दोन्ही अर्थांनी उत्तर 2/5 येतं. वाद मिटला, पण प्रश्नही बदलला. आता एककस्थानी येणाऱ्या पाच अंकांपैकी दोन सम, एवढं म्हटलं की काम झालं. मूळ प्रश्नात एककस्थानी 0 असताना चार संख्या मिळतात, 2 किंवा 4 असताना प्रत्येकी तीनच, हे मुलाला वेगळं ताडावं लागत होतं. ती पायरी गेली. गुण तेवढेच आणि मेहनत अर्धी, हा मागच्या वर्षीच्या मुलांवर अन्याय आहे.

दुसरा मोह काळजीपोटी होतो. कंसात सूचना दिली जाते: ‘01 सारख्या संख्या धरू नयेत.’ इथे एक रेघ स्पष्ट ओढायला हवी. पुनरावृत्ती चालेल की नाही, हा प्रश्नकर्त्याचा निर्णय आहे. मुलाने कितीही अभ्यास केला तरी तो त्याला कळणार नाही, म्हणून तो सांगितलाच पाहिजे. 01 ही दोन अंकी संख्या नाही, हे मात्र मुलाला यायला हवं असलेलं ज्ञान आहे. ते छापलं की तपासायचं तेच हातात दिलं. प्रत्येक जादा शब्दाला हीच कसोटी लावावी: हे अभ्यासाने कळण्यासारखं आहे का? असेल तर छापू नये. उदाहरण देतानाही हे भान लागतं. ‘23 चालेल, 22 चालणार नाही’ हे उदाहरण फक्त अट सांगतं. त्याच जागी ‘10 चालेल’ लिहिलं, तर शून्याबद्दलचा निम्मा विचार आयता मिळतो.

अटीचे शब्दही पारखून घ्यावे लागतात. ‘प्रत्येक अंक एकदाच वापरून’ ही रचना नेहमीची आहे, पण ती घातक आहे. पाचही अंक वापरायलाच हवेत, असाही तिचा अर्थ निघतो. म्हणून सुधारलेला प्रश्न मी असा लिहीन: ‘0, 1, 2, 3, 4 या अंकांपासून दोन अंकी संख्या तयार करायच्या आहेत. एका संख्येत तोच अंक दोनदा वापरायचा नाही. अशा सर्व संख्यांपैकी एक संख्या यादृच्छिक पद्धतीने निवडली. ती सम असण्याची संभाव्यता काढा.’ वाक्यं वाढली, पण प्रत्येक वाक्य छोटं आहे. अट आधी आणि आज्ञा शेवटी आहे, आणि नकार ठळक छापावा. हीच माहिती एका लांब वाक्यात कोंबली असती, तर गणित येणारं पण वाचनात मागे असलेलं मूल अडलं असतं आणि काठिण्य दुसऱ्याच वाटेने वाढलं असतं.

गुणांकडेही बघायला हवं. प्रश्नाला 3 गुण आहेत आणि आदर्श उत्तरात त्यांपैकी 1 गुण नमुना अवकाश लिहिण्यासाठी ठेवला आहे, असं समजा. पण प्रश्न तर म्हणतो, नुसती संभाव्यता काढा. ज्याने 4 × 4 = 16 असं मोजलं, त्याचा गुण कापायचा का? प्रश्नात ‘नमुना अवकाश लिहून’ हे शब्द घालावेत, नाहीतर आदर्श उत्तरात गुणाकाराची रीतही मान्य करावी. या प्रश्नात मी पहिला पर्याय निवडेन, कारण यादी दिसली की शून्याची चूक पकडता येते. गुण यादीला आधीपासूनच होता, त्यामुळे मुलाचं काम वाढत नाही, अपेक्षा फक्त उघड होते.

एवढं करूनही आपलं वाचन पुरेसं नसतं. प्रश्न दुसऱ्या कुणाला तरी द्यावा आणि ‘सोडवू नका, काय विचारलंय ते तुमच्या शब्दांत सांगा’ असं म्हणावं. सोडवायला दिला की अनुभवी शिक्षक राहिलेली जागा मनातल्या मनात भरून पुढे जातात. शब्दांत सांगायला लावलं की ती जागा उघडी पडते. दुसऱ्या विषयाचे शिक्षक यासाठी फार उपयोगी पडतात.

परीक्षा झाल्यावरही खूण दिसते. एकूण गुणांनुसार उत्तरपत्रिका लावून वरचे आणि खालचे 27 टक्के वेगळे काढायचे, ही 1939 मध्ये ट्रुमन केली यांनी मांडलेली पद्धत आजही वापरली जाते. प्रश्न नुसता अवघड असेल, तर वरच्या गटात बरोबर उत्तरं खालच्या गटापेक्षा ठळकपणे जास्त असतात. तो संदिग्ध असेल, तर वरचा गटच दोन उत्तरांमध्ये विभागलेला दिसतो. अर्थात वर्गात 40 मुलं असतील, तर प्रत्येक गटात जेमतेम 11 येतात. त्यावरून संशय घेता येतो, निकाल देता येत नाही. संशय आला की त्या मुलांनाच विचारावं, तुम्ही काय वाचलंत?

पेपर हातात पडल्यानंतर मात्र शब्द बदलण्याची वेळ निघून गेलेली असते. पर्यवेक्षकाने एका वर्गात तोंडी खुलासा केला, तर शेजारच्या वर्गातल्या मुलांना तो मिळत नाही. मग दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण देण्याचा मार्ग उरतो, पण आपल्या प्रश्नात तोही समान नाही. पुनरावृत्तीसह उत्तर काढणाऱ्याला सोपी वाट मिळाली आणि 01 धरण्याची चूक करणारी मुलगीही त्याच 3/5 वर पूर्ण गुण घेऊन गेली.