हळद, कांदा आणि श्वासांची मोजणी

समजा, तीन वर्षांच्या मुलीला सर्दी होऊन दोन दिवस झालेत. दिवसा ती खेळते, जेवते. पण रात्री आडवी झाली की खोकल्याची उबळ येते. नाकातला शेंबूड घशात उतरत असल्याने झोपताना हा त्रास वाढतो. अशा साध्या खोकल्यात घरचे उपाय करून बघता येतात.

अर्धा कप दुधात चिमूटभर हळद घालून ते उकळावं आणि कोमट झाल्यावर द्यावं. कांद्यासाठी अर्धा छोटा कांदा बारीक चिरून त्यात दोन चमचे मध घालावा आणि वाटी झाकून दोन-तीन तास ठेवावी. कांद्याला पाणी सुटतं. ते गाळून, वाटी गरम पाण्यात धरून कोमट करावं आणि झोपण्यापूर्वी अर्धा छोटा चमचा द्यावं. मिश्रण रोज ताजं करावं.

यात आराम मिळतो तो मुख्यतः मधामुळे आणि कोमटपणामुळे. मध घशाला मऊपणा देतो आणि रात्रीचा खोकला कमी करतो, हे अभ्यासांत दिसलं आहे. हळदीचा आणि कांद्याचा तितका ठोस पुरावा नाही. हे उपाय जंतू मारत नाहीत, न्यूमोनिया बरा करत नाहीत.

वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मधाचं बोटही चाटवू नये. मधातल्या काही जिवाणूंचे बीजाणू त्या वयाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. कांद्याचा रस किंवा तेल नाकात घालणंही कोणत्याच वयात योग्य नाही.

आता त्याच मुलीला चौथ्या दिवशी ताप चढला आणि ती मलूल दिसू लागली, तर आधी श्वास मोजावेत. ती शांत असताना, रडत नसताना झबलं वर करावं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते पाहावं. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त भरले, तर ते न्यूमोनियाचं लक्षण असू शकतं. या मुलीचे ४६ भरले, तर हळदीचं दूध बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, शांत असतानाही घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल पाणीही पीत नसेल, झटके आले असतील किंवा ते उठवूनही नीट जागं होत नसेल, तर रात्र असली तरी थेट रुग्णालयात न्यावं. शेंगदाणा किंवा फुटाणा खाताना अचानक ठसका लागून खोकला सुरू झाला, तर दाणा श्वासनलिकेत अडकल्याची शक्यता असते. तेव्हा मूल नंतर शांत झालं तरी तपासणी हवीच.

घरात उरलेलं खोकल्याचं औषध मनाने देऊ नये. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सिरपमुळे मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपुरात आणलं होतं आणि काहींचा तिथेच मृत्यू झाला. त्यानंतर केंद्र सरकारने दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधं देऊ नयेत, असं डॉक्टरांना कळवलं.

बाकी सगळं ठीक असूनही खोकला दोन आठवडे टिकला, तर क्षयरोग, दमा, डांग्या खोकला यांची तपासणी करून घ्यावी.