राहतं भाड्याचं घर विकत घेताना

रेडिंगमधल्या या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आम्ही चार वर्षं भाड्याने राहतोय. मुलीची शाळा इथून पाच मिनिटांवर. मालकीणबाईंनी उद्या फ्लॅट विकायला काढला तर? म्हणून त्यांना ईमेलमध्ये दोन प्रश्न विचारले: विकायचा झाल्यास किंमत किती, आणि आत्ता विकायचा नसेल तर पुढे आधी आम्हाला विचाराल का?

त्यांनी ३,१०,००० पौंड सांगितले. वरच्या मजल्यावरचा तसाच फ्लॅट २,८५,००० ला गेल्याचं लँड रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर फुकटात दिसलं. शिवाय त्या फ्लॅटच्या लीजची १२० वर्षं शिल्लक होती, आमच्या फक्त ८३. हा आकडा सात पौंड भरून काढलेल्या टायटल रजिस्टरवरून कळला. लीज ८० वर्षांच्या खाली गेली की सध्याच्या नियमांनुसार ती वाढवणं बरंच महागतं आणि काही बँका कर्ज द्यायला कचरतात. ती आत्ताच वाढवायचा खर्च सॉलिसिटरच्या फीसकट अंदाजे ११,००० निघाला. तो वजा करून आम्ही २,७४,००० कळवले आणि हिशेबही सोबत जोडला. थेट आम्हाला विकला तर एजंटचं चार-साडेचार हजारांचं कमिशन वाचतं आणि फ्लॅट एक महिनाही रिकामा राहत नाही, हेही लिहिलं. पत्रावर 'सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट' असं घातलं, म्हणजे कोणीच बांधील नाही.

उत्तर आलं, "यंदा विकायचा विचार नाही, पण विकताना तुम्हालाच आधी विचारेन." हेच फर्स्ट रिफ्युजल. मात्र इंग्लंडमध्ये अशा तोंडी शब्दावर विसंबता येत नाही. १९८७ च्या कायद्यात भाडेकरूंना असा हक्क आहे खरा, पण तो संपूर्ण इमारत विकली जाताना, प्रामुख्याने लाँग लीजवाल्यांसाठी. आमच्यासारख्या साध्या भाडेकरूला तो मिळत नाही.

म्हणून सॉलिसिटरकडून करार करून घेतला. बाहेरची खरी ऑफर आली की बाईंनी ती आम्हाला लेखी दाखवायची, आणि त्याच किमतीला घ्यायचं की नाही हे आम्ही २१ दिवसांत कळवायचं. आम्ही नाही म्हटलं तर पुढचे सहा महिने त्यांनी त्याहून कमी किमतीत दुसऱ्याला विकायचं नाही. ही शेवटची अट नसेल, तर आधी फुगवलेला आकडा दाखवून आपला नकार घेता येतो आणि मग स्वस्तात दुसऱ्याला विकता येतं. करारावर दोघांच्या सह्या झाल्या आणि सॉलिसिटरने लँड रजिस्ट्रीत फ्लॅटच्या नावापुढे त्याची नोंद केली. नोंद नसती, तर फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर झाल्यावर आमच्या हातात फक्त बाईंविरुद्ध दावा उरण्याचा धोका होता.

या हक्काने त्यांच्यावर विकायची सक्ती होत नाही, की किंमतही ठरत नाही. ठरलेल्या किमतीला, आपल्याला हवं तेव्हा घेता यावं असं वाटत असेल तर 'ऑप्शन' करार लागतो. मालक सहसा त्याचे वेगळे पैसे मागतात. बाई त्याला तयार नव्हत्या.