आठची गोळी, दहाचं जेवण

मधुमेह घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या बाईलाच झाला, की एक अडचण डॉक्टरांच्या कागदावर येतच नाही. ताट वाढणारी तीच, सगळ्यांसाठी थांबणारी तीच, उरलासुरला भात 'वाया नको जायला' म्हणून संपवणारीही तीच. गोळ्या बदलून हे बदलत नाही. त्यासाठी घरातल्या माणसाला, आणि बहुतेक घरांत नवऱ्याला, नेमकं काय हवं ते सांगावं लागतं. समोरासमोर सांगताना विषय भलतीकडे जातो, आवाज चढतो. अशा वेळी चिठ्ठी बरी पडते, मात्र तिच्यात काय लिहायचं हे आधी कळलेलं हवं.

उदाहरणादाखल एक घर घेऊ. बाई बावन्न वर्षांची. सकाळची उपाशीपोटीची साखर १५८, जेवणानंतरची २४०, एचबीए१सी ८.२. हा शेवटचा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगतो आणि निदानाची रेषा ६.५ ला आहे. तिला ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी दोन वेळा, जेवणाआधी घ्यायला सांगितली आहे. संध्याकाळची गोळी ती आठला घेते. नवरा आठलाच घरी येतो, पण आल्यावर चहा-फरसाण, मग बातम्या, आणि पानं मांडली जातात दहाला.

या घरातली खरी गडबड त्या दोन तासांत आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग पोटात अन्न असो वा नसो. नऊच्या सुमारास तिचे हात थरथरतात, घाम फुटतो, चिडचिड होते. साखर ७० च्या खाली उतरायला लागल्याची ही लक्षणं. ती उभ्या उभ्या चार बिस्किटं आणि मूठभर फरसाण तोंडात टाकते, दहाला पुन्हा पूर्ण जेवते आणि साडेदहाला झोपते. शरीराची साखर हाताळण्याची ताकद रात्री दिवसापेक्षा कमी असते. त्यामुळे उशिराच्या जेवणाची साखर जास्त चढते आणि सकाळपर्यंत रेंगाळू शकते. सकाळचा आकडा पाहून 'पथ्य पाळत नाहीस' हे ऐकून घेतं कोण, तर तीच.

'मला जरा सांभाळून घ्या' असं लिहून इथे काहीही बदलणार नाही. ते वाचून नवरा मान डोलावेल आणि दहालाच जेवेल. चिठ्ठीत वेळ हवी, कृती हवी. ती अशी लिहिता येईल:

'अहो, माझी संध्याकाळची गोळी घेतली की लगेच जेवावं लागतं. म्हणून आजपासून साडेआठला पानं घेऊ. आल्यावर फरसाण नको, तुमची भूक मरते आणि जेवण लांबतं. चहाबरोबर भाजलेले शेंगदाणे ठेवीन. ज्या दिवशी तुम्हाला उशीर होईल, त्या दिवशी मी आधी जेवेन. त्याचा राग मानू नका. जेवल्यावर सव्वानऊला पंधरा मिनिटं माझ्याबरोबर खाली चला. मागचं आवरणं आल्यावर दोघं मिळून करू. उरलेला भात तुम्ही फ्रिजमध्ये ठेवा, मला विचारू नका. रविवारी माझे तळपाय बघा. आणि पाहुण्यांसमोर माझ्या ताटाकडे बोट दाखवू नका, ते मला लागतं.'

एवढंच. यातली प्रत्येक मागणी नवऱ्याने उद्यापासून करता येण्याजोगी आहे आणि प्रत्येकीमागे कारण आहे.

एकत्र जेवायचं म्हणजे दोघांसाठी एकच स्वयंपाक करायचा. तिच्यासाठी वेगळं 'डायबेटिसचं' शिजवलं तर ते आठवडाभर टिकतं आणि मग थकवा येतो. ताटातली भाजी, उसळ, कोशिंबीर दोघांनी आधी खावी, पोळी-भात मागून. या क्रमाने जेवल्यावर साखर कमी वेगाने चढते. एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. भाकरी चालते म्हणून ती मोजायची नाही, असं बरीच मंडळी धरून चालतात. साठ ग्रॅम पिठाची एक जाड भाकरी म्हणजे पिष्टाच्या हिशेबात दोन मध्यम पोळ्याच. भाकरी जरूर खावी, पण दोनांच्या जागी एक.

फिरण्याची वेळ सव्वानऊ का? जेवणानंतरची साखर साधारण तासा-दीड तासाने सगळ्यात वर जाते. त्याआधी पायांचे स्नायू चालायला लागले, की ते इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या एक्केचाळीस रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज कधीही सलग अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. अभ्यास लहान आहे, पण आपल्या घरांना तो नेमका लागू पडतो, कारण आपलं सगळ्यात जड आणि त्यानंतर सगळ्यात कमी हालचालीचं जेवण रात्रीचंच. फक्त ओटा आवरायचा राहिला असेल तर ती बाई खाली उतरत नाही. म्हणून चिठ्ठीत आवरण्याची वाटणी लिहावी लागते.

चाल बोलता येईल इतपत भरभर असावी. छातीत दडपण आलं किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर थांबून डॉक्टरांना दाखवावं. पायात सपाता नकोत, पाय झाकणारे बूट-मोजे हवेत. मधुमेहात तळपायाची संवेदना हळूहळू कमी होऊ शकते, मग खडा टोचला किंवा फोड आला तरी कळत नाही. स्वतःचा तळवा स्वतःला नीट दिसत नाही. रविवारी उजेडात बसून नवऱ्याने बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा आणि बदललेला रंग बघायचा, याला दोन मिनिटं लागतात.

साखर उतरली तर काय करायचं, हेही नवऱ्याला ठाऊक हवं, कारण त्या वेळी बाईला स्वतःला नीट सुचत नाही. तीन चहाचे चमचे भरून साखर पाण्यात ढवळून द्यायची. पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरने तपासायचं, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा द्यायची, आणि बरं वाटल्यावर लगेच जेवायला बसवायचं. बिस्किटं किंवा चॉकलेट त्या क्षणी उपयोगी नाहीत, त्यांतली साखर सावकाश रक्तात येते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. ग्लिमेपिराइडचा अंमल बराच काळ राहतो, म्हणून बरं वाटल्यावरही डॉक्टरांना कळवायचं. नुसतं मेटफॉर्मिन चालू असलेल्यांना हा धोका फार कमी असतो. तेव्हा पट्टीवरचं नाव दोघांनीही वाचून ठेवावं.

चिठ्ठीचा उपयोग होतोय की नाही, हे ग्लुकोमीटरवर दिसतं. आठवड्यातून दोनदा रात्रीच्या जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी साखर बघावी, आणि दोन्ही आकडे जेवणाच्या वेळेसकट वहीत लिहावेत. जेवणानंतर १८० च्या आत आणि सकाळी ८० ते १३० हे बहुतेकांसाठीचं लक्ष्य. वय आणि इतर आजारांप्रमाणे डॉक्टर ते बदलतात. साडेआठचं जेवण आणि फिरणं जमलेल्या दिवसांचे आकडे उशीर झालेल्या दिवसांच्या शेजारी ठेवले, की नवऱ्यालाही समजावून सांगावं लागत नाही. एचबीए१सी मात्र तीन महिन्यांनीच करावी. लाल रक्तपेशींचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं असल्याने त्याआधी पूर्ण फरक उमटत नाही.

आणि हे सगळं जमून आकडे वारंवार ९० च्या खाली यायला लागले किंवा थरथर परत जाणवली, तर ती वही घेऊन दोघांनी डॉक्टरांकडे जावं. अशा वेळी ग्लिमेपिराइडचा डोस कमी करावा लागू शकतो, आणि तो निर्णय डॉक्टरांचाच.